छापील पेपरची वर्गणी ॲपला जोडताना काय जुळवलं जातं?

प्रश्न: वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, पेपर रोज दारात पडतो, तरी ॲप म्हणतं ‘वर्गणी आढळली नाही’. ॲप नेमकं काय जुळवून बघतं?

जवळजवळ सगळीकडे मोबाईल क्रमांक. नाव सहसा कोणी जुळवत नाही, कारण एकच आडनाव फॉर्मवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. पत्ताही नाही. दुसरी खूण म्हणून पावती क्रमांक किंवा ग्राहक क्रमांक, आणि खात्रीसाठी पिनकोड. मी वितरण विभागात काम करतो आणि हे लिहितोय ते एका कारणासाठी: वर्गणी जुळली नाही की ‘ॲप काढून पुन्हा टाका’ असं वाचकाला सांगतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. दोष बहुतेक वेळा ॲपमध्ये नसतो, आमच्याकडच्या नोंदीत असतो.

कोल्हापूरच्या एका ताईंचं प्रकरण सांगतो. घरी आलेल्या बुकिंगच्या मुलाने कागदी फॉर्म भरून घेतला. ताईंनी मोबाईल स्वतःच्या हाताने लिहिला, मराठी आकड्यांत. शेवटचे तीन आकडे होते १४७. डेटा एंट्री करणाऱ्याला इंग्रजी आकड्यांची सवय. घाईत लिहिलेला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ आठसारखा आणि ७ सहासारखा. नोंद झाली ९८६. आकडे दहाच्या दहा, त्यामुळे संगणकानेही हरकत घेतली नाही. पेपर मात्र पहिल्या दिवसापासून सुरळीत, कारण विक्रेत्याकडे गेलेल्या यादीत पत्ता बरोबर होता. ताईंचा ओटीपीही नीट यायचा, कारण ओटीपी फक्त हातातला फोन तुमचा आहे एवढंच ठरवतो. त्यानंतर ॲप तो क्रमांक वर्गणीदारांच्या यादीत शोधतं आणि तिथे तो नव्हताच.

मदत केंद्राने त्यांना फोन बंद-चालू करायला लावला. मग ताईंनी गूगलने लॉगिन करून पाहिलं आणि गुंता वाढला. गूगलकडून ॲपला ईमेल मिळतो, मोबाईल नाही. आमच्या फॉर्मवर ईमेलचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो, म्हणजे जुळवायला काही उरतच नाही. आता त्यांची ॲपमध्ये दोन खाती झाली. पावतीवरून नोंद शोधून मोबाईल दुरुस्त केला, वर्गणी मोबाईलच्या खात्याला जोडली गेली, पण ताईंच्या फोनवर गूगलचं खातं उघडं होतं. ‘अजून बंदच आहे’ म्हणून पुन्हा फोन आला. लॉगआउट करून मोबाईलने आत गेल्यावर ई-पेपर उघडला.

तेव्हा तुम्ही ॲपच्या मदत केंद्राच्या मागे लागू नका. पेपरच्या तुमच्या भागातल्या आवृत्तीच्या वितरण विभागाला फोन करा, पावती क्रमांक सांगा आणि विचारा, ‘माझ्या नोंदीवर मोबाईलचे शेवटचे चार आकडे कोणते आहेत?’ चुकीचे निघाले तर पावतीचा फोटो पाठवून दुरुस्ती मागा. बऱ्याच ठिकाणी वितरणाची यादी ॲपकडे रात्रीतून एकदाच जाते, म्हणून त्याच दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी लॉगआउट करून मोबाईल क्रमांकानेच आत या.

ॲप क्रमांक टाकायला सांगत असेल तर कूपन-पुस्तिकेवरचा टाकू नका. कूपन म्हणजे विक्रेत्याला द्यायचे पैसे, त्यावरचा क्रमांक सहसा तुमच्या खात्याचा नसतो. पावतीवरचा घ्या, आणि तो शून्यांनी सुरू होत असेल तर शून्यांसकट आणि शून्यांशिवाय, दोन्ही करून बघा. फॉर्मची यादी एक्सेलमधून गेली असेल तर सुरुवातीची शून्यं तिथे गळून पडतात.

माझं मत आमच्या बैठकांत ठरलेलं आहे: मुख्य खूण पावती क्रमांक आणि पिनकोडच असायला हवी. मोबाईल बदलतो, हाताने लिहिलेला चुकतो, आणि वर्गणी वडिलांच्या नावे असली तर त्यांचा जुना क्रमांक बंद पडून पुढे परक्या माणसाला मिळतो. मग वर्गणी त्या परक्याच्या ॲपला जोडली जाते. ‘लोक पावत्या जपत नाहीत’ हे उत्तर मला पटत नाही. वर्षाचे पैसे भरणारा माणूस पावती जपतो.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. तुमच्या योजनेत डिजिटल वाचन आहे का, हे पावतीवर बघा. कित्येक योजना फक्त छापील अंकाच्या असतात. आणि पैसे तुम्ही कंपनीला भरलेत की पेपरवाल्या काकांना? काकांना दिले असतील, महिन्याचे असोत वा वर्षाचे, तर कंपनीच्या वहीत तुमचं नावच नाही. तिच्या लेखी गिऱ्हाईक काका आहेत, आणि तिथे कुठलाही क्रमांक जुळणार नाही.