वरचा माळा भाड्याने, खाली आपण: घरभाड्यावर टॅक्स किती आणि वजावट कशाकशाची?

प्रश्न: मानेवाड्याला आमचं दोन माळ्यांचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वरचा माळा १५,००० रुपये महिन्याने दिला आहे. महापालिकेचा टॅक्स दोन वर्षं भरायचा राहिला होता, तो या वर्षीच्यासकट २७ मार्चला एकदम भरला, शास्ती धरून ४१,००० रुपये. वरच्या रंगकामाला आणि नळदुरुस्तीला ५५,००० लागले. हे सगळं भाड्यातून वजा होईल का? आणि ते ३० टक्के कशावर काढायचे? पावती अजून बाबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत.

उत्तर:

मी खामल्याला राहतो. आमचंही घर असंच, फक्त आम्ही वर आणि भाडेकरू खाली. पहिल्या वर्षी मी नेमक्या याच ठिकाणी चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टॅक्सचं. घरभाड्याच्या उत्पन्नात महापालिकेचा कर ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्या वर्षी वजा होतो, मग तो कुठल्याही वर्षाचा असो. त्यामुळे दोन वर्षांची थकबाकी २७ मार्चला भरली हे तुमच्या फायद्याचंच झालं, तीही याच वर्षी धरता येईल. हेच पैसे ३ एप्रिलला भरले असते तर वजावट पुढच्या वर्षात गेली असती. उलट बिल आलं पण भरलं नाही, तर त्या वर्षी एक रुपयाही धरता येत नाही. तारीख बिलावरची बघायची नाही, पावतीवरची बघायची.

पण ४१,००० पूर्ण धरू नका. तुमचा वर्षाचा टॅक्स १२,००० असावा असं समजतो, म्हणजे तीन वर्षांचे ३६,००० आणि वरचे ५,००० शास्ती. शास्ती हा उशिराचा दंड आहे, कर नाही, मी ती कधीच वजावटीत घेत नाही. पावतीवर ती वेगळ्या ओळीत येते, तिथून आकडा बघून घ्या.

आता माझी चूक सांगतो. मी सरळ सगळ्या घराचा टॅक्स भाड्यातून वजा केला होता. ओळखीच्या एका करसल्लागाराने रिटर्न बघून विचारलं, "तुम्ही राहता त्या भागाचा टॅक्स भाडेकरूच्या भाड्यातून कसा वजा करता?" बरोबर होतं त्यांचं. स्वतः राहतो त्या भागाचं वार्षिक मूल्य शून्य धरतात, त्यामुळे त्याच्या टॅक्सची वजावटही नाही. भाड्याने दिलेल्या भागाचाच हिस्सा धरायचा. बिलात माळ्याप्रमाणे आकारणी वेगळी दिसत असेल तर तीच घ्या, नाहीतर बांधकामाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा. समजा खाली ९०० चौरस फूट आणि वर ६०० आहे, तर वरचा हिस्सा ४० टक्के. ३६,००० चे ४० टक्के म्हणजे १४,४००. तुमच्या भाड्यातून वजा होईल तो एवढाच आकडा.

आता हिशेब लावू. वर्षाचं भाडं १,८०,०००. त्यातून १४,४०० गेले, उरले १,६५,६००. याला वार्षिक मूल्य म्हणतात, आणि ३० टक्के याच आकड्यावर काढायचे: ४९,६८०. ते वजा करून १,१५,९२० उरतात. हे तुमचं घरभाड्याचं उत्पन्न, पगारात किंवा पेन्शनमध्ये मिळवायचं. पुष्कळ जण ३० टक्के आधी पूर्ण भाड्यावर काढतात, म्हणजे ५४,००० होतात, आणि नंतर टॅक्स वजा करतात. त्यात उत्पन्न ४,३२० रुपयांनी कमी दाखवलं जातं. रिटर्नच्या फॉर्ममध्ये क्रम ठरलेला आहे: आधी `Tax paid to local authorities`, मग वार्षिक मूल्य, मग ३० टक्के. टॅक्सचा आकडा तिथे भरला की ३० टक्के फॉर्म स्वतःच काढतो. म्हणून ३० टक्के घरी कागदावर काढून भाड्यातून आधीच कमी करून आकडा टाकू नका, नाहीतर दोनदा वजा होतील.

रंगकाम आणि नळदुरुस्तीचे ५५,००० वेगळे मिळणार नाहीत. ती ३० टक्के वजावट याच खर्चाच्या ऐवजी दिलेली आहे. तुम्ही ५५,००० घातले तरी ४९,६८०, आणि वर्षभर भिंतीला हात लावला नाही तरी ४९,६८०. पावत्या जोडायच्या नाहीत, दाखवायच्याही नाहीत. पाण्याचं बिल, विमा, दलालाची फी, हे सगळं त्यातच आलं. नळाचं बिल महापालिकेच्या पाण्याचं असलं तरी ते वापराचं शुल्क आहे, मालमत्ता कर नाही, म्हणून ते टॅक्समध्ये मिसळू नका. नवीन करप्रणाली घेतली असेल तरी टॅक्स आणि ३० टक्के, दोन्ही वजावटी मिळतात. फरक पडतो तो घरकर्जाच्या व्याजात, आणि कर्जाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

एक गोष्ट आपल्याकडे फार चालते, म्हणून सांगतो. "टॅक्स तूच भर भाऊ, भाडं थोडं कमी करतो" असं भाडेकरूला सांगणं. वजावट फक्त मालकाने भरलेल्या टॅक्सची मिळते. भाडेकरूने भरला तर तुम्ही तो धरू शकत नाही. ज्यांच्याकडे अशी व्यवस्था आहे आणि तरीही पावती बघून वजावट टाकतात, त्यांची चूक सहज उघडी पडते, कारण पैसे दुसऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात. त्यापेक्षा भाड्यातच तेवढी रक्कम वाढवून टॅक्स स्वतः, आपल्या खात्यातून भरा. उत्पन्नाचा आकडा तोच राहतो, पण कागद तुमच्या हातात असतो.

शेवटी बाबांच्या नावाची पावती. वजावटीपुरतं बोलायचं तर पैसे मालकाने भरलेत एवढं दिसलं पाहिजे, म्हणून तुमच्या बँकेचं स्टेटमेंट पावतीला लावून ठेवा. मला काळजी दुसरीच वाटते: हे भाडं खरंच एकट्या तुमचं आहे का? मृत्युपत्र नसेल आणि आई, बहीण किंवा भाऊ असतील तर घरात त्यांचाही हिस्सा आहे. मग भाडं, टॅक्स आणि ३० टक्के, सगळं हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये जाईल, भाडं एकाच्याच खात्यात येत असलं तरीही. आई आणि तुम्ही दोघेच वारस असाल तर १,१५,९२० चे निम्मे, ५७,९६० आईच्या नावे दाखवायचे. त्यांचं दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर त्यांना कर लागणारच नाही. बाकीच्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. घरात कोण कोण वारस आहे आणि हक्कसोडपत्र झालं आहे का, एवढं इथे लिहा, म्हणजे रिटर्नमध्ये हिस्सा कसा दाखवायचा ते सांगतो. महापालिकेत नामांतराचा अर्जही याच कागदांवर होईल.