सेफ्टी स्टॉक: खपाचे चढउतार आणि पुरवठादाराचे दिवस

प्रश्न: सेफ्टी स्टॉक, म्हणजे अचानक वाढलेल्या खपासाठी किंवा उशिरा आलेल्या खेपेसाठी ठेवायचा जादा साठा, काढताना आम्ही ‘सर्वाधिक खप गुणिले सर्वाधिक लीड टाइम’मधून ‘सरासरी खप गुणिले सरासरी लीड टाइम’ वजा करतो. एका बेअरिंगचा रोजचा खप सरासरी ४०, जास्तीत जास्त ७०. लीड टाइम सरासरी ९ दिवस, जास्तीत जास्त १५. उत्तर ६९० नग येतं. एवढा माल खरंच लागतो का?

नाही लागत. ७० नगांचा दिवस सलग पंधरा वेळा येईल, आणि तोही नेमका सगळ्यात उशिरा आलेल्या खेपेच्या वेळी, असं हे सूत्र धरून चालतं. त्यातून दुसरा धोका असा की सगळं उत्तर दोन नोंदींवर टांगलेलं राहतं. कोणी ७० ऐवजी ९० टंकलं, तर सेफ्टी स्टॉक एका फटक्यात ३०० नगांनी वाढतो. खप किंवा दिवस सरासरीच्या आसपास किती हलतात याचं माप म्हणजे प्रमाण विचलन, आणि हिशेब त्यावर बसवायला हवा. तुमचेच आकडे घेऊन पुढच्या उत्तरात तो करतो.

प्रश्न: खप आणि लीड टाइम दोन्ही बदलते असतील तर सूत्र कसं लावायचं? वर्गमूळ कुठून येतं तेही कळत नाही.

आधी लीड टाइम मोजा. परचेस ऑर्डर दिल्याची तारीख आणि माल तपासून रॅकवर लागल्याची तारीख, यांच्यामधले दिवस धरायचे. पुरवठादाराने कोटेशनमध्ये लिहिलेले दिवस इथे कामाचे नाहीत. समजा, मागच्या दहा खेपांना ५, ७, ७, ७, ८, ९, ९, १०, १३ आणि १५ दिवस लागले. सरासरी ९. प्रत्येक खेपेचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग केला, तर बेरीज ८२ येते. तिला एकूण खेपांपेक्षा एक कमी, म्हणजे ९ने भागून वर्गमूळ घेतलं की प्रमाण विचलन साधारण ३ दिवस. रोजच्या खपाचंही असंच काढायचं. ते १२ नग आलं असं धरू.

आता खपाची अनिश्चितता. नऊ दिवसांत काही दिवस खप जास्त, काही दिवस कमी, त्यामुळे चढउतार एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. म्हणून १२ला ९ने न गुणता ९च्या वर्गमूळाने, म्हणजे ३ने गुणायचं: ३६ नग.

पुरवठादाराच्या दिवसांना मात्र ही सवलत नाही. खेप एक दिवस लांबली की पूर्ण दिवसाचे ४० नग अंगावर येतात. विचलन ३ दिवसांचं, म्हणजे १२० नग.

या दोघांची सरळ बेरीज १५६ होते, पण खप चढा असणं आणि खेप उशिरा येणं दर वेळी एकत्र घडत नाही. म्हणून दोघांचे वर्ग मिळवायचे: १,२९६ अधिक १४,४००, म्हणजे १५,६९६. याचं वर्गमूळ सुमारे १२५. ९५ टक्के सेवा पातळीसाठी त्याला १.६५ने गुणलं की सेफ्टी स्टॉक २०७ नग. लीड टाइममधला सरासरी खप ३६० त्यात मिळवला की रीऑर्डर पॉइंट ५६७. हातातला आणि ऑर्डर देऊन यायचा असलेला माल मिळून या आकड्यावर आला की नवी ऑर्डर सोडायची.

एक्सेलमध्ये B1 ते B4 मध्ये अनुक्रमे सरासरी खप, खपाचं विचलन, सरासरी लीड टाइम आणि त्याचं विचलन ठेवा:

```
=NORM.S.INV(0.95)*SQRT(B3*B2^2+B1^2*B4^2)
```

उत्तर २०६.१ येईल, वरचा किंचित फरक १.६५ या गोळाबेरजेचा आहे.

माझं आग्रहाचं सांगणं असं की बेरीज करण्याआधी ३६ आणि १२० हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून बघा. खपाचा अंदाज सुधारून त्याचं विचलन निम्म्यावर, १२वरून ६वर आणलंत, तरी सेफ्टी स्टॉक २०७चा जेमतेम २००वर येतो. लीड टाइमचं विचलन ३ दिवसांवरून १ दिवसावर आणलंत, तर तो ८९ होतो. या बेअरिंगच्या बाबतीत अंदाजाच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. पुरवठादाराकडून ठरल्या दिवशी माल कसा येईल ते बघायला हवं.

ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: खप आणि लीड टाइम यांचा आपसात संबंध नाही. हंगामात तुमचा खप वाढतो तेव्हाच पुरवठादाराकडेही गर्दी होऊन खेपा लांबत असतील, तर आलेला आकडा अपुरा पडेल. हंगामाचा हिशेब मग हंगामाच्याच नोंदींवरून वेगळा करा.

प्रश्न: आमच्याकडे विक्रीचे आकडे महिन्याचे आहेत. महिन्याचं विचलन ६६ नग. ३०ने भागून रोजचं २.२ धरलं, चालेल ना?

चालणार नाही. सरासरीला ३०ने भागायचं, विचलनाला ३०च्या वर्गमूळाने, म्हणजे ५.४८ने. ६६चे मग १२ होतात. दिवस कॅलेंडरचे धरायचे की कामाचे, हेही एकदा ठरवा आणि खप व लीड टाइम दोन्हींना तेच लावा. आणि ज्या महिन्यांत माल संपलेला होता, त्यांची विक्री म्हणजे खरी मागणी नव्हे. ती तशीच घेतली तर सरासरी खप कमी दिसतो आणि तुटवडा पुढेही चालू राहतो.

प्रश्न: ९५ टक्के पातळी धरली, पण प्रत्यक्षात ९९ टक्क्यांहून जास्त नग वेळेवर जातात. हिशेब चुकला का?

हिशेब बरोबर आहे. हे ९५ टक्के ऑर्डर-चक्रांचे आहेत: शंभर वेळा माल मागवलात, तर सुमारे ९५ वेळा खेप येईपर्यंत साठा पुरेल. उरलेल्या पाच वेळांतही सगळा माल अडकत नाही, शेवटचे काही नग अडकतात. वरच्या उदाहरणात दर वेळी ६०० नग मागवत असाल, तर एका चक्रात सरासरी अडीच-तीन नगांचीच तूट पडते, म्हणजे नगांच्या हिशेबाने पुरवठा ९९.५ टक्क्यांच्या वर. ग्राहकाला किंवा वरिष्ठांना टक्केवारी सांगताना ती चक्रांची की नगांची, हे आधी सांगा.

प्रश्न: आमचा पुरवठादार दहातल्या आठ वेळा सातव्या दिवशी माल देतो, दोन वेळा एकविसाव्या. सूत्राने काढलेला साठा त्या दोन वेळी कमीच पडतो.

इथे सूत्रच तोकडं आहे. १.६५चा आकडा घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी आहे. तुमचे दिवस दोन वेगळ्या ढिगांत पडलेत. रोजचा खप वरच्यासारखाच धरला तर लीड टाइमची सरासरी ९.८ दिवस, विचलन ५.९, सेफ्टी स्टॉक सुमारे ३९४ आणि रीऑर्डर पॉइंट ७८६. पण एकवीस दिवसांचा सरासरी खपच ८४० आहे! म्हणजे उशिराच्या बहुतेक खेपांत माल संपणार आणि ९५ टक्के म्हणता म्हणता शंभरातल्या सुमारे १७ चक्रांत तुटवडा येणार.

अशा वेळी उशिराच्या ढिगावरून थेट हिशेब करा. एकूण पाच टक्के चक्रांत तुटवडा चालणार असेल, तर उशिराच्या खेपांपैकी चौथा हिस्सा तुटीत गेला तरी हरकत नाही, कारण २० टक्क्यांचा चौथा हिस्सा पाचच टक्के. एकवीस दिवसांच्या खपाचं विचलन ५५ नग, त्याला ७५ टक्के पातळीच्या ०.६७ने गुणून ३७, आणि रीऑर्डर पॉइंट ८७७.

पण मग माल सातव्या दिवशी येतो, त्या आठ वेळी जवळजवळ ६०० नग रॅकवर पडून असतात. त्यात अडकलेली रक्कम मांडूनच पुरवठादाराशी बोलायला बसा, आणि त्या दोन खेपांचे कागद सोबत न्या. त्यांचा कच्चा माल संपला होता, तुमची ऑर्डर त्यांच्या किमान बॅचपेक्षा लहान होती, की गाडी भरेपर्यंत माल थांबवला होता? बॅचचं कारण निघालं, तर ऑर्डरचं प्रमाण बदलूनच दुसरा ढीग नाहीसा होऊ शकतो.