रिपोर्टातले १८५.५ सेंटिमीटर

प्रश्न: मुलाच्या डीएनए रिपोर्टमध्ये उंचीचा स्कोअर ९३ व्या पर्सेंटाइलवर आलाय आणि पुढे 'अपेक्षित उंची १८५.५ सेमी' असं छापलंय. एका माणसाच्या बाबतीत हे कितपत खरं धरायचं?

उत्तर:

१८५.५ वर काट मारा. ९३ वा पर्सेंटाइल बरोबर असेलही, पण तो स्कोअरचा, म्हणजे डीएनएतल्या उंचीशी जोडलेल्या फरकांच्या बेरजेचा पर्सेंटाइल आहे, उंचीचा नाही. रिपोर्ट बनवणाऱ्याचा घोळ बहुधा इथेच झालाय.

पडताळून बघा. ज्या पुरुषांशी तुलना केली त्यांची सरासरी उंची १७५ सेमी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ७ सेमी धरू. ९३ वा पर्सेंटाइल म्हणजे सरासरीच्या वर दीड स्टँडर्ड डेव्हिएशन. दीड गुणिले सात म्हणजे साडेदहा, आणि ते १७५ मध्ये मिळवले की बरोबर १८५.५. हे गणित तेव्हाच चालेल, जेव्हा स्कोअर आणि उंची यांचा सहसंबंध पूर्ण १ असेल. तसा तो कुठेच नसतो.

उंची आणि डीएनए यांचा २०२२ पर्यंतचा सगळ्यात मोठा अभ्यास त्याच वर्षी आला. सुमारे ५४ लाख लोकांचा डेटा, त्यातून उंचीशी जोडलेले १२,१११ व्हेरियंट, म्हणजे डीएनएतली माणसागणिक अक्षर बदलणारी ठिकाणं. लिंग आणि वयाचा परिणाम वजा केल्यावर लोकांच्या उंचीत जो फरक उरतो, त्यातला सुमारे ४० टक्के या व्हेरियंटच्या स्कोअरने समजावता येतो, आणि तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. ४० टक्क्यांचं वर्गमूळ ०.६३, तोच सहसंबंध. आता गणित पुन्हा करा: १.५ × ०.६३ × ७, म्हणजे साडेसहाच्या किंचित वर. अपेक्षित उंची १८१ ते १८२ च्या दरम्यान. नुसता सहसंबंध लावल्यावर चार सेंटिमीटर गळाले.

हा झाला मधला आकडा. पण तुम्ही एका माणसाबद्दल विचारताय, तेव्हा खरं महत्त्व त्याच्या आजूबाजूच्या पसाऱ्याला आहे. स्कोअरला न समजलेला ६० टक्के फरक तसाच शिल्लक आहे. त्याचं वर्गमूळ ०.७७, म्हणून ७ सेमीचं स्टँडर्ड डेव्हिएशन ५.४ सेमीवर येतं. ९५ टक्के खात्रीची पट्टी हवी तर दोन्ही बाजूंना साडेदहा सेमी सोडावे लागतात: १७१ ते १९२. डीएनए तपासलाच नसता तर हीच पट्टी १६१ ते १८९ अशी निघाली असती. म्हणजे सगळा खटाटोप करून २७ सेमी रुंद अंदाज २१ सेमीवर आला. आणि दीड डेव्हिएशन वरचा स्कोअर असलेल्या दर नऊ मुलग्यांपैकी एक जण सरासरीपेक्षा बुटकाच राहणार.

हे सगळं स्कोअर उत्तम चालतो असं धरून. युरोपबाहेरच्या वंशांत तेच व्हेरियंट १० ते २० टक्केच फरक समजावतात. कारण तपासलेला व्हेरियंट बहुतेकदा उंचीवर स्वतः परिणाम करत नाही. जो करतो त्याचा तो गुणसूत्रावरचा शेजारी असतो. ही शेजाऱ्यांची जोडी एका लोकसमूहात पक्की असते, दुसऱ्यात सैल, आणि कुठल्या व्हेरियंटला स्कोअरमध्ये किती महत्त्व द्यायचं ती वजनं तर मुख्यतः युरोपीय लोकांवरून काढलेली. १५ टक्के धरून तुमच्या मुलाचं गणित केलं तर अपेक्षित उंची १७९ आणि पट्टी १६६ ते १९२. सरासरीखाली राहण्याची शक्यता चारात एक. रिपोर्टात तुलनेचा लोकसमूह कोणता ते लिहिलेलं नसेल तर पर्सेंटाइलही सोडून द्या.

आता मला वर्षानुवर्षं ऐकवलं जाणारं वाक्य: 'उंची ८० टक्के आनुवंशिक असते, मग डीएनएवरून ८० टक्के अचूक सांगता यायलाच हवी.' नाही. ते ८० टक्के जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासातून येतात आणि लोकसंख्येतल्या फरकाबद्दल बोलतात. त्यात दुर्मिळ व्हेरियंटचाही वाटा आहे, जो सर्वसामान्य व्हेरियंटच्या स्कोअरमध्ये येत नाही. आणि समजा उद्या पूर्ण ८० टक्के पकडता आले, तरी ०.२ चं वर्गमूळ ०.४५, गुणिले सात, ३ सेमीच्या वर. पट्टी तेव्हाही अधिक-उणे ६ सेमीची. टक्के निम्म्याने घटतात तेव्हा सेंटिमीटर निम्म्याने घटत नाहीत, वर्गमूळ मध्ये येतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कॅल्क्युलेटर घ्यावा, माझ्याशी वाद घालू नये.

कच्ची फाइल हाती असेल तर स्कोअर स्वतः काढता येतो: प्रत्येक व्हेरियंटमध्ये ज्या अक्षराचं वजन दिलंय त्याच्या प्रती मोजायच्या (०, १ किंवा २), वजनाने गुणायच्या, बेरीज करायची. पण संपूर्ण जीनोमची VCF फाइल असेल तर एक सापळा आहे. तिच्यात सहसा संदर्भ जीनोमपेक्षा वेगळी असलेलीच ठिकाणं लिहिलेली असतात. जे ठिकाण फाइलमध्ये नाही तिथे बहुधा संदर्भातलंच अक्षर दोनदा आहे. माहिती गहाळ आहे असा त्याचा अर्थ नाही. हे न कळता चालवलं तर `plink2` या प्रोग्रामचं `--score` अशी ठिकाणं एकतर हिशेबातच धरत नाही किंवा गहाळ समजून तिथे लोकसमूहाची सरासरी भरतं, आणि स्कोअर भलतीकडे जातो. ओळखायचं कसं? हजारो व्हेरियंटच्या यादीतले किती प्रत्यक्ष मोजले गेले तो आकडा बघा. निम्मेच जुळले असतील तर निकाल फेकून द्या. शिवाय एकट्या माणसाच्या फाइलवर व्हेरियंटची वारंवारता काढता येत नाही, ती `--read-freq` ने बाहेरून द्यावी लागते. ती दिल्याशिवाय प्रोग्राम तक्रार करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

तुमच्या घरात फुकटचा अंदाज आधीच पडलेला आहे. मुलासाठी आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, १३ मिळवा, दोनने भागा. आई-वडिलांची उंचीही सुमारे ४० टक्के फरक समजावते, म्हणजे उत्तम चाललेल्या स्कोअरइतकाच. दोन्ही एकत्र केले तर निम्म्याहून थोडं जास्त. मूल वाढीच्या वयात असेल तर डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून काढलेलं हाडांचं वय आणि आजची मोजलेली उंची मिळून स्कोअर आणि आई-वडिलांच्या उंचीपेक्षा जास्त सांगतात, कारण वाढ किती उरलीय ते हाडांत दिसतं.

स्कोअर अगदीच टाकाऊ आहे असं मात्र नाही. हजारो लोकांचे गट पाडले तर वरच्या आणि खालच्या गटांतला फरक स्पष्ट दिसतो, संशोधनाला तो उपयोगी आहे. पण FGFR3 जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने प्रौढ उंची १३० सेमीच्या आसपास थांबू शकते आणि तशा मुलाचाही स्कोअर ९३ व्या पर्सेंटाइलवर येऊ शकतो. मुलगा वाढीच्या तक्त्यावर आपली रेघ सोडून खाली सरकत असेल तर हा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.