हिस्सा, तायफा आणि लेबनॉन

प्रश्न: लेबनॉनवरचा एक लेख मराठीत आणतेय, त्यात 'कन्सोसिएशनल डेमॉक्रसी' सारखं येतं. मी 'सहमतीची लोकशाही' लिहिलं, मैत्रीण म्हणते सरळ 'सत्तावाटप' लिही, सगळ्यांना कळतं. कोणतं बरोबर? आणि आपल्याकडच्या आघाडी सरकारलाही हा शब्द लागतो का?

शेवटचं आधी. नाही लागत. निवडणुकीचा निकाल लागला की टीव्हीवर जो 'सत्तावाटपाचा फॉर्म्युला' सुरू होतो ना, तो ऐकून माझं डोकं उठतं, कारण तिथे चाललेलं असतं ते साधं खातेवाटप. अर्थ तुला, गृह मला. पुढच्या वेळी भिडू बदलतात, कालचा विरोधक आज शेजारी बसतो आणि कोणाला काही वाटत नाही. कन्सोसिएशनलमध्ये भिडू बदलायची सोयच नसते, कारण तिथे भिडू पक्ष नसतात तर समाज असतात, मारोनी ख्रिश्चन, सुन्नी, शिया, द्रूझ, आणि माणूस जन्माला आला की त्याच्या नोंदीत त्यातला एक शिक्का बसतो.

'सहमती'ही नको. आरेंड लायफार्ट या डच अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटी कन्सोसिएशनल हा शब्द रुळवला, आणि नंतर त्यानेच 'कन्सेन्सस डेमॉक्रसी' अशी वेगळी, जास्त सैल कल्पना मांडली. तुम्ही पहिल्याला सहमती म्हटलंत तर दुसऱ्याला काय म्हणणार? पाठ्यपुस्तकी लोक 'साहचर्यात्मक लोकशाही' लिहितात, तो शब्द वाचून मला बागेतल्या बाकावर बसलेली दोन म्हातारी माणसं दिसतात. मुळात लॅटिनमधला सोशियस म्हणजे सोबती, आपल्या सखा आणि सचिव यांचा लांबचा भाऊ, त्यामुळे भाषांतर व्युत्पत्तीला धरून आहे, मान्य. पण शब्दाचं मूळ बरोबर असलं म्हणून वस्तू कळते असं नाही.

वस्तू काय ते थोडक्यात. लायफार्टच्या म्हणण्याप्रमाणे चार गोष्टी लागतात: सगळ्या मोठ्या गटांचे पुढारी मिळून सरकार, प्रत्येक गटाला आपल्या जिव्हाळ्याच्या विषयात नकाराचा अधिकार, जागा आणि नोकऱ्या प्रमाणात, आणि घरच्या बाबी (लग्न, वारसा, शाळा) ज्याच्या त्याच्या हातात. म्हणजे एकत्र कुटुंब, चुली वेगळ्या, आणि बाहेरचे निर्णय घेताना सगळे काका एका ओटीवर.

आता मजा. याला मराठी शब्द शोधायला लॅटिनपर्यंत जायचंच कशाला? लेबनॉनमधली माणसं स्वतः काय म्हणतात ते बघा. तिथे आणि इराकमध्ये या पद्धतीला, शिवी दिल्यासारखं, मुहासासा म्हणतात. शब्द हिस्सा वरून आलाय. आपलाच हिस्सा, सातबारावरचा, पोटहिस्सा मधला! आपण तो फारसीच्या हातून घेतला आणि जमिनीला चिकटवला, त्यांनी मंत्रिमंडळाला चिकटवला. मुहासासा म्हणजे आपापसात हिस्से करून घेणं, हिस्सेवाटणी. तुमच्या मैत्रिणीचं 'वाटप' सपाट आहे, वाटप मिठाईचंही होतं. वाटणी हक्काची असते आणि तिच्यात भांडण गृहीत असतं.

पण खरा दागिना पुढे आहे. ज्या समाजांत हे हिस्से पडतात त्या एकेका समाजाला अरबीत ताइफा म्हणतात. हो, तायफा! पेशवाईच्या गोष्टींमधला कलावंतिणींचा तायफा, आणि माझ्या मते मंत्र्याच्या गाड्यांचा ताफाही त्याचाच झिजलेला भाऊ. मूळ अर्थ नुसता गट, टोळी, मेळा. त्याचं अनेकवचन तवाइफ, आणि तिथूनच उर्दूतली तवायफ. काही लोक छातीठोक सांगतात की तवायफ गोल फिरून नाचते म्हणून तवाफ (प्रदक्षिणा) वरून शब्द आला. धातू एकच आहे हे खरं, पण बाईला तो शब्द मेळ्यावरून मिळाला, गिरकीवरून नाही, आणि मराठी तायफा हा त्याचा पुरावाच आहे, कारण आपण अजूनही तो शब्द एका बाईला नाही, अख्ख्या संचाला वापरतो. हे मी अनेकांना अनेकदा सांगितलंय, कोणी ऐकत नाही.

त्या ताइफावरून तायफिय्या, म्हणजे पंथापंथात वाटलेलं राजकारण. आणि १९८९ मध्ये पंधरा वर्षांचं यादवी युद्ध मिटवायला लेबनॉनचे खासदार सौदी अरेबियातल्या ज्या गावी जमले त्या गावाचं नाव ताइफ! तोच धातू. ताइफमध्ये बसून त्यांनी राजकीय तायफिय्या टप्प्याटप्प्याने संपवायची असं लिहून दिलं, आणि त्याच करारात तायफ्यांचे हिस्से नव्याने पाडले. आधी संसदेत ख्रिश्चन आणि मुस्लिम ६:५ होते, आता अर्धे अर्धे. संपवायचं काम अजून बाकीच आहे.

हे ६:५ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण या पद्धतीवरची सगळ्यात जड टीका तिथेच आहे. १९४३ मध्ये स्वातंत्र्य मिळताना बिशारा अल-खूरी (मारोनी) आणि रियाद अस-सुल्ह (सुन्नी) यांच्यात जो मीसाक म्हणजे करार झाला तो तोंडी, कागद नाहीच. ख्रिश्चनांनी फ्रान्सकडे बघायचं नाही, मुस्लिमांनी सीरियात विलीन व्हायचं म्हणायचं नाही. राष्ट्राध्यक्ष मारोनी, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया हा रिवाज त्याच व्यवस्थेतला. जॉर्ज नकाश नावाच्या पत्रकाराने १९४९ मध्ये लिहिलं की दोन नकारांचं मिळून राष्ट्र होत नाही, त्याबद्दल त्याला तुरुंगात जावं लागलं. संसदेच्या जागा कायम ११ च्या पटीत, ५५, ७७, ४४, ६६, आणि १९६० पासून ताइफपर्यंत ९९, म्हणजे ५४ ख्रिश्चन, ४५ मुस्लिम. हे प्रमाण आलं १९३२ च्या जनगणनेतून, ज्यात ख्रिश्चन निम्म्याहून थोडे जास्त भरले होते. त्यानंतर त्या देशात अधिकृत जनगणना झालेलीच नाही!

ज्यांच्या घरी जमिनीचा वाद आहे त्यांना हे लगेच कळेल. आजोबांच्या वेळचा सातबारा, मधे तीन पिढ्या गेल्या, एका भावाला सहा मुलं, दुसऱ्याची शहरात (लेबनॉनच्या बाबतीत ब्राझील, अमेरिकेत) गेली, पण फेरफार कोणी घालत नाही, कारण फेरफार घालायचा म्हणजे तलाठ्याकडे जाण्याआधी भाऊबंदांत डोकी फुटणार. शिया वाढले, त्यांना हिस्सा जुनाच. एखाद्या समाजाचं प्रमाण बदलण्याची वाट या पद्धतीत नसते असं नाही, पण ती वाट ज्यांच्या सहीने उघडते त्यांचंच तिथे नुकसान असतं. १९७५ च्या युद्धाला हे एकच कारण नव्हतं, पॅलेस्टिनी सशस्त्र गट होते, शेजारचे देश होते, आणि लायफार्टही बाहेरच्या कारणांवर भर देतो. त्याने गोठलेल्या हिश्श्यांचा दोषही कबूल केला आणि पुढे म्हणायला लागला की गट आधी ठरवून देऊ नका, मतांतून काय गट बनतात ते बनू देत. चांगलं आहे, पण हे ज्याचा हिस्सा आधीच पडलाय त्याला कोण समजावणार?

दुसरी टीका नकाराधिकाराची. ताइफनंतरच्या घटनेत मोठ्या निर्णयांना मंत्रिमंडळाचे दोन तृतीयांश लागतात, आणि एक तृतीयांशाहून जास्त मंत्री गेले तर सरकारच पडलं असं धरतात. तीस मंत्री असतील तर अकरा जण निर्णय अडवूही शकतात आणि सरकार पाडूही शकतात. याला तिथे सुल्स मुअत्तिल म्हणतात, अडवणारा तिसरा हिस्सा (हिंदीतलं मुअत्तल, निलंबित, त्याच घरातलं). २००९ मध्ये साद हरीरीचं सरकार बनलं तेव्हा घासाघीस याच आकड्यावर झाली आणि शेवटी १५-१०-५ ठरलं: बहुमतवाल्यांना १५, हिजबुल्ला आणि मित्रांना १०, राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याचे तटस्थ ५. म्हणजे कागदावर अकरावा नव्हता. १२ जानेवारी २०११ ला, हरीरी वॉशिंग्टनमध्ये ओबामांना भेटत असताना, दहा जणांनी राजीनामे दिले आणि राष्ट्राध्यक्षांच्या पाचांपैकी एकाने अकरावा दिला. सरकार खलास. वाद होता हरीरीच्या वडिलांच्या खुनाच्या आंतरराष्ट्रीय खटल्याचा. नकाराधिकार कल्पिला होता समाजाच्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टींसाठी, पण कोणती गोष्ट जिवावर बेतते हे ठरवणारा ज्याच्या हातात नकार तोच असतो. मग राष्ट्राध्यक्षाची खुर्चीही रिकामी राहते, मे २०१४ ते ऑक्टोबर २०१६, परत ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५.

डोनाल्ड हॉरोविट्झ हा लायफार्टचा जुना टीकाकार. त्याचं म्हणणं, पुढाऱ्यांना आपल्याच तायफ्याची मतं पुरत असतील तर ते समजूतदार का वागतील? त्यांना दुसऱ्याच्या मतांची गरज पडेल अशी निवडणूक हवी. गंमत अशी की लेबनॉनची जुनी निवडणूक तशीच होती. जागा पंथाला राखीव, पण मतदारसंघातले सगळे पंथ सगळ्या जागांना मत देणार, म्हणजे दोन मारोनी एकमेकांविरुद्ध उभे आणि निकाल द्रूझांच्या हातात. त्यामुळे दोन्ही शाळांचे लोक लेबनॉनकडे आपला नमुना म्हणून बोट दाखवतात आणि जे बिघडलं ते दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात. मला हॉरोविट्झचं निदान पटतं, औषध नाही, कारण १९९२ नंतर ख्रिश्चनांची तक्रार नेमकी हीच होती की आमचे खासदार मुस्लिम मतांवर निवडून येतात, ते आमचे कसले.

आणि ज्याला कुठलाच तायफा नको त्याचं काय, हे दोघेही घाईत उरकतात. मान्यताप्राप्त पंथ १८, लग्नाचा कायदा ज्याच्या त्याच्या पंथाचा, नागरी विवाहाचा कायदा देशात नाही. म्हणून जोडपी विमानाने सायप्रसला जातात, तिथे लग्न करतात आणि येऊन इथे नोंद करतात, ती चालते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर घोषणा होती 'कुल्लुन यानी कुल्लुन', सगळे म्हणजे सगळे, म्हणजे आमच्या तायफ्याचा पुढारीसुद्धा.

हां, तुमचा लेख. 'समाजवार हिस्सेदारीची लोकशाही' लिहा, पहिल्यांदा कंसात कन्सोसिएशनल टाका, पुढे नुसतं 'हिस्सेदारी' पुरे. टीकाकार बोलत असतील तिथे 'हिस्सेवाटणी' करा. तायफेशाही हा शब्द मी सुचवणार होतो पण लोकांना घुंगरं ऐकू येतील. आणि घटनेतला अल-ऐश अल-मुश्तरक हा शब्द लेखात आला तर सांभाळून, त्याचा अर्थ सहजीवन. अरबीत ऐश म्हणजे नुसतं जगणं, त्याची चैन आपल्याकडे आल्यावर झाली.