‘मेबलीन’च्या ठेक्यात काय मिसळलंय

प्रश्न: रिदम अँड ब्लूज आणि कंट्री मिसळून रॉक अँड रोल झालं असं सगळीकडे वाचतो. पण मिसळलं म्हणजे नक्की काय झालं? गाणं ऐकून ते कळतं का?

कळतं. फक्त गाण्याचे शब्द आणि गायकाच्या कातडीचा रंग बाजूला ठेवायचा आणि ठेका ऐकायचा. ‘गोऱ्यांनी काळ्यांचं संगीत उचललं आणि त्याला रॉक अँड रोल नाव दिलं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर शांतपणे बोलणं मला जमत नाही. त्यामुळे एल्विसपासून सुरुवात करत नाही. चक बेरीपासून करतो.

चक बेरी सेंट लुईसचा गिटारवाला गायक, काळा. ईस्ट सेंट लुईसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात पियानोवादक जॉनी जॉन्सनच्या त्रिकुटाबरोबर वाजवायचा. ऐकणारे बहुतेक काळे, आणि त्यांच्यासमोर हा ब्लूजच्या मधेच गोऱ्यांची गावठी कंट्री गाणी म्हणायचा. आधी लोक हसले, मग त्याच गाण्यांवर नाचायला लागले. मे १९५५ मध्ये तो शिकागोत चेस रेकॉर्ड्सकडे गेला. आपला संथ ब्लूज, ‘वी वी अवर्स’, त्यांना आवडेल अशी त्याची खात्री होती. लेनर्ड चेसने उचललं मात्र दुसरंच गाणं. ते ‘आयडा रेड’ या जुन्या गाण्यावर बेतलेलं होतं, आणि बॉब विल्सने १९३८ मध्ये त्याची टेक्ससी धाटणीची तबकडी काढलेली होती. नाव बदललं, शब्द बदलले, आणि ‘मेबलीन’ तयार झालं. ब्लूज तबकडीच्या मागच्या बाजूला गेला.

आता गाणं लावा आणि धृपदात मात्रा मोजा. बारा बारचा साधा ब्लूज आहे, एक बार म्हणजे चार मात्रा. चार बार बी फ्लॅट, दोन ई फ्लॅट, परत दोन बी फ्लॅट, मग एक एफ, एक ई फ्लॅट आणि शेवटचे दोन बी फ्लॅटवर. कुठलाही ब्लूजवाला डोळे मिटून वाजवेल. कडवं सुरू झालं की कॉर्ड बदलायचीच थांबते. सगळं कडवं बी फ्लॅटवर उभं, आणि वर शब्दांची सरबत्ती: व्ही-एट फोर्ड कॅडिलॅकचा पाठलाग करतेय. एका कॉर्डवर भराभर गोष्ट सांगत जायचं ही पद्धत फिडलच्या नाचगाण्यांची. म्हणजे एकाच गाण्यात धृपद ब्लूजचं आणि कडवं कंट्रीचं, आणि दोघांतला सांधा दिसत नाही.

तो का दिसत नाही, याचं उत्तर ठेक्यात आहे. कंट्रीचा बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो: एकदा षड्ज, एकदा पंचम. याला ते ‘टू-बीट’ म्हणतात. डग्ग्यासारखा घट्ट, सरळ. रिदम अँड ब्लूजमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, स्नेअर ड्रमच्या फटक्यात. दोन्ही एकावर एक ठेवले तर चारही मात्रा भरतात, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. विली डिक्सनसारखा ब्लूजचा बासवाला इथे खाली टू-बीट धरतो आणि वर स्नेअर तडतडतो.

अडचण येते ती मात्रेच्या आत. ब्लूजचा शफल म्हणजे मात्रेचे दोन असमान तुकडे, पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. कंट्रीत ते बरेचसे समान असतात. मिनिटाला १२० मात्रा असतील तर आखूड तुकडा सेकंदाचा सहावा भाग असतो, तो आरामात ऐकू येतो. लय २०० च्या पुढे गेली की तो एक दशांश सेकंदापर्यंत आकसतो आणि हात आपोआप तुकडे समान करायला लागतो. कंट्रीची नाचाची लय घेतली आणि शफल सपाट झाला, तिथे रॉकचा ठेका जन्मला. म्हणूनच त्या काळातल्या कित्येक तबकड्यांत गिटार सरळ चालते आणि ड्रमवाला अजून थोडा झुलतो. ती रस्सीखेच हाच त्या तबकड्यांचा झटका आहे. आजचे बँड सगळं मशीनवर एकसारखं बसवतात आणि मग विचारतात, मजा का येत नाही.

गिटार असेल तर करून बघा. पाचवी तार मोकळी, चौथीवर दुसरा पडदा, मग चौथा पडदा, प्रत्येकी दोन फटके. मेट्रोनोम १०० वर ठेवून शफलमध्ये वाजवा आणि वीस-वीसने २०० पर्यंत चढवा. १८० च्या आसपास बहुतेकांचा कोपर आखडतो आणि फटके मागे पडतात. झुलणं जबरदस्तीने टिकवायला जाल तर हेच होणार. हात सैल सोडा, फटके सरळ होऊ द्या आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरच जोर ठेवा. चक बेरीच्या पुढच्या बऱ्याच गाण्यांच्या पोटात हीच चाल आहे.

आता एल्विस, थोडक्यात. जुलै १९५४, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा सन स्टुडिओ. तबकडीच्या एका बाजूला आर्थर क्रूडपचा ब्लूज, दुसऱ्या बाजूला कंट्रीवाल्या बिल मनरोचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. मनरोचं मूळ गाणं वॉल्ट्झमध्ये, तीन मात्रांचं. एल्विस, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक यांनी ते चारात आणलं. दादऱ्यातलं गाणं कोणी केरव्यात म्हणावं तसं. ड्रम नव्हताच. बिल ब्लॅक उभ्या बासच्या तारा पट्टीवर आपटून टकटक काढत होता, तोच ड्रम. आणि गंमत बघा, त्याच वर्षी मनरोने स्वतः ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं तेव्हा सुरुवात तीन मात्रांत करून पुढे चारात उडी मारली.

हे मिश्रण एका रात्रीत झालेलं नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सचा मालक सिड नेथन काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या अशा दोन्ही बाजारांत तबकड्या विकायचा. गाण्याचे प्रकाशन हक्क आपल्याकडे असले की तेच गाणं दोनदा विकता येतं, हा त्याचा हिशेब. हँक पेनीचं कंट्री गाणं ‘ब्लडशॉट आइज’ १९५१ मध्ये काळ्या वायनोनी हॅरिसकडून म्हणवून घेतलं. उलट दिशेने, त्याच कंपनीत गोऱ्या मून मलिकनच्या तबकड्या काळा निर्माता हेन्री ग्लोव्हर करत होता. ‘बिलबोर्ड’ या संगीतधंद्याच्या साप्ताहिकाने १९४९ मध्ये काळ्यांच्या गाण्यांच्या यादीचं ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव काढून ‘रिदम अँड ब्लूज’ ठेवलं, पण लोकप्रिय गाण्यांच्या याद्या वेगळ्याच राहिल्या. भिंत याद्यांमध्ये होती, स्टुडिओत तिला बरीच भोकं पडलेली होती.

मग चोरी झालीच नाही का? झाली, पण ती ठेक्यात शोधू नका. ‘मेबलीन’ची तबकडी बाजारात आली तेव्हा गीतकार म्हणून चक बेरीच्या जोडीला आणखी दोन नावं होती, त्यातलं एक डिस्क जॉकी ॲलन फ्रीडचं. गाणं वाजवणाऱ्यालाच लिहिणारा करून टाकलं होतं. गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या आणि पॉपच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं, आणि पैसे तिघांत वाटले गेले. ती नावं हटून पूर्ण श्रेय चक बेरीला मिळायला १९८६ उजाडलं.