शिफारसपत्रात 'मेहनती, प्रामाणिक' याच्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न: माझ्या हाताखालची एक मुलगी नोकरी सोडतेय. काम चांगलं करायची, तिने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलंय. पण 'मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ' याच्या पुढे गाडी सरकत नाही. काय लिहू?

उत्तर:

ती तिन्ही विशेषणं तूर्त बाजूला ठेवा आणि एवढंच आठवा: तिच्यामुळे तुमच्या विभागातली कोणती गोष्ट आधी एका तऱ्हेने चालायची आणि नंतर बदलली? तशा दोन गोष्टी सापडल्या तरी पत्र झालं. वाचणारा तुम्हाला ओळखत नाही आणि त्याच्या हातात येणाऱ्या प्रत्येक पत्रातला उमेदवार मेहनतीच असतो.

मी गोदाम सांभाळतो. आमच्या एका स्टोअर सहायकासाठी मी पत्र लिहिलं, त्याचंच उदाहरण देतो. महिनाअखेरीला आम्ही मालाची प्रत्यक्ष मोजणी करतो. कॉम्प्युटरवरचा साठा आणि रॅकवरचा माल यांत दर वेळी चाळीसेक आयटमचा फरक यायचा. मोजणीत चुकलं असेल म्हणून सगळे सोडून द्यायचे. या मुलाने मागच्या काही महिन्यांचे फरक शेजारी शेजारी लावून पाहिले. बहुतेक ठिकाणी माल कमी नव्हता, जास्त होता, आणि तो बहुतेक ग्राहकांकडून परत आलेला होता. परतीचा माल नोंद व्हायच्या आधीच कोणीतरी उचलून रॅकवर लावत होतं. त्याने दाराजवळ एक वेगळा रॅक मागून घेतला आणि नोंदीची चिठ्ठी लागल्याशिवाय तिथला माल आत न्यायचा नाही, असा नियम लावून घेतला. पत्रात ते असं आलं:

"महिनाअखेरच्या मोजणीत सुमारे ४० आयटममध्ये तफावत येत असे. परत आलेला माल नोंदीआधीच साठ्यात मिसळतो, हे कारण त्यांनी स्वतः शोधले आणि अशा मालासाठी स्वतंत्र रॅक व नोंदीची पद्धत सुरू केली. चार महिन्यांत तफावत ६ आयटमवर आली आणि दोन दिवस चालणारी मोजणी एका दिवसात होऊ लागली. मोजणीचे अहवाल माझ्या सहीने जात असल्याने हा बदल मी स्वतः पाहिला आहे."

'जबाबदार' हा शब्द यात कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला तो कळतो. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. तुम्हाला हे कशावरून माहीत, हे आलं नाही तर आकडे ऐकीव वाटतात. म्हणूनच ती तुमच्या हाताखाली कोणत्या पदावर आणि किती काळ होती, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा.

श्रेय देताना हात थोडा आखडता ठेवावा लागतो. आमच्याकडे पुढे बारकोड स्कॅनर आले आणि तफावत आणखी खाली गेली. ते काही त्याचं काम नव्हतं, म्हणून मी स्कॅनर यायच्या आधीच्या आकड्यावर थांबलो. मुलाखतीत समोरचा "हे कसं केलं?" असं विचारणारच. आकडा फुगवलेला असला तर तिथे अडचण तिची होते, तुमची नाही.

आकडे आठवणीवर विसंबून लिहू नका. तिलाच तिच्या कामाचे चार-पाच मुद्दे पाठवायला सांगा, मग जुने अहवाल, ईमेल, वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म यांच्याशी ताडून पाहा. जे ताडता येणार नाही ते गाळा. ग्राहकांची नावं, उलाढाल, दर असलं काही पत्रात येऊ देऊ नका. 'तफावत निम्म्यावर आली' असं प्रमाणात सांगितलं तरी चालतं. काही कामांना आकडा नसतोच. तिने शिकवलेला नवखा माणूस आज एकट्याने काउंटर सांभाळतो, किंवा तिने लिहून ठेवलेली कामाची पद्धत अजून तशीच वापरात आहे, हेही ठोसच आहे.

रजा, आजारपण, घरच्या अडचणी, नोकरी का सोडली, यातलं काहीही नको. पत्र एका पानात बसवा.

लेटरहेड वापरण्याआधी एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्यांत पद आणि तारखा यांपलीकडे अधिकृतपणे काही लिहून द्यायची परवानगी नसते. तसं असेल तर व्यक्तिगत नात्याने, साध्या कागदावर लिहायला चालेल का, तेही त्यांच्याकडूनच कळेल.

'संधी मिळाल्यास त्यांना पुन्हा माझ्या विभागात घेईन' हे वाक्य खरोखर घेणार असाल तरच शेवटी टाका, आणि खाली फोन नंबर द्या. फोन आला की समोरचा बहुतेक वेळा याच वाक्याबद्दल विचारतो.