गीझर मधूनच पाणी तापवत नाही: कॉइल बदलण्यापूर्वी

प्रश्न : "घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं. १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर पाणी तापवत नाही. खालचं झाकण काढून मेकॅनिकने लाल बटण दाबलं की चालतो, चार दिवसांनी परत बंद. आता तो कॉइल बदला म्हणतोय. बदलू का?"

इतक्यात बदलू नका. कॉइल जळलेली असती, तर लाल बटण दाबूनही पाणी तापले नसते. ते बटण थर्मल कटआऊटचे, म्हणजे अति तापल्यावर वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचचे आहे आणि तो नादुरुस्त नसून आपले काम करतो आहे. थर्मोस्टॅटने ठरलेल्या तापमानाला वीज तोडली नाही किंवा कॉइलभोवतीची उष्णता पाण्यात गेली नाही, की तो मध्ये पडतो. त्यामुळे बटण पुन्हापुन्हा दाबत राहणे किंवा कटआऊटच्या वायरी थेट जोडणे (काही जण हेही करून देतात) म्हणजे शेवटचे संरक्षणच काढून टाकणे होय.

आता दोष दोहोंपैकी कोणता, ते पाहू. नॉब मध्यावर ठेवून गार पाण्यापासून गीझर सुरू करा. या क्षमतेच्या गीझरला २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १८ ते २० मिनिटे लागतात. त्यानंतरही तापण्याचा दिवा विझला नाही आणि नळाला चटका बसेल असे पाणी आले, तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले आहेत, तो बदलावा. उलट दिवा वेळेवर विझतो, पण तापताना टाकीतून चरचर, कडकड आवाज येतो आणि नळाच्या जाळीत पांढरे कण अडकतात, तर कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे. तुमचे पाणी पाहता मला हीच शक्यता अधिक वाटते. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही, आणि कॉइल व सेन्सरची नळी यांच्यात क्षार भरले की कटआऊटला पाण्याऐवजी कॉइलचीच धग लागते.

उपाय मेकॅनिककडूनच, पण समोर उभे राहून करून घ्या. एमसीबी बंद करून टाकी रिकामी करावी, कॉइल बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात भिजवावी. पितळी ब्रशने जोरात घासू नये आणि टाकीच्या काचेच्या अस्तराला तर पत्राही लावू नये. वायरी सुटलेल्या असतानाच मल्टीमीटर लावल्यास चांगली कॉइल सुमारे २६ ओहम दाखवते. तिच्या टोकापासून धातूच्या आवरणापर्यंत मात्र विजेचे सातत्य, म्हणजे जोडणी, अजिबात दिसता कामा नये. दिसले, तर कॉइल बदलणे भागच आहे. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा ॲनोड झिजून आतल्या तारेवर आला असेल, तर तोही आत्ताच बदलावा.

बसवताना गॅस्केट नवे घाला, आणि गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्याशिवाय वीज सुरू करू नका. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांतच जळते.